ओठांचे कोपरे का चिरतात?

जानेवारी महिना. मित्राचे वडील पुण्याहून न्यू जर्सीला येऊन महिना झाला होता. काकांचे वय ६८, मधुमेह पंधरा वर्षांपासून, पूर्ण शाकाहारी, वरची कवळी. एके दिवशी जेवताना म्हणाले, "तोंड उघडलं की दोन्ही कोपरे चरचरतात रे. तिखट तर लागूच देत नाही." घरातल्या प्रत्येकाने आपापले निदान केले. सूनबाई म्हणाल्या हीटरची कोरडी हवा, काकू म्हणाल्या पाणी कमी पडतंय, आणि मित्राने दुकानातून बी कॉम्प्लेक्सची बाटली आणली. तीन आठवडे गोळ्या घेऊनही फरक पडला नाही.

बी कॉम्प्लेक्सचा सल्ला काही हवेतून आलेला नाही. १९३८ साली अमेरिकेच्या पब्लिक हेल्थ सर्व्हिसमधल्या सेब्रेल आणि बटलर या डॉक्टरांनी रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२, फार कमी असलेला आहार काही स्त्रियांना देऊन पाहिला. त्यांतल्या कित्येकींचे ओठांचे कोपरे चिरले आणि रायबोफ्लेविन दिल्यावर भरून आले. तेव्हापासून "कोपरे चिरले की बी" हे समीकरण डोक्यात बसले. पण रोज दूध-दही खाणाऱ्या माणसात बी-२ची मोठी कमतरता सहसा आढळत नाही. मग काकांचे काय?

आधी हे कोपरे चिरतात कसे ते पाहू. कोपऱ्यातल्या घडीत लाळ साचते आणि तिथली त्वचा भिजून मऊ पडते. मग तोंडात एरवी निमूट राहणारी कँडिडा नावाची बुरशी, कधी जोडीला स्टॅफिलोकोकस जिवाणू, तिथे ठाण मांडतात. कवळी झिजली की वरचा-खालचा जबडा जास्त जवळ येतो आणि घडी आणखी खोल होते. गंमत अशी, की कोरड्या तोंडाचा माणूसच ओठ सारखे चाटतो आणि कोपरे ओले ठेवतो. शिवाय लाळेत बुरशीला आवर घालणारे पदार्थ असतात, लाळ आटली की तो पहाराही उठतो.

काकांची लाळ का आटली होती? दोन कारणे सापडली. सर्दीमुळे झोप लागत नाही म्हणून ते रोज रात्री दुकानातली, नावापुढे 'पीएम' लिहिलेली गोळी घेत होते. अशा बहुतेक गोळ्यांत डायफेनहायड्रामिन असते. लाळग्रंथींना "लाळ सोडा" हा निरोप देणारे अ‍ॅसिटिलकोलिन हे रसायन ते अडवते. झोपेत लाळ मुळातच जवळजवळ थांबलेली असते, त्यात ही भर. दुसरे कारण साखर. प्रवास, बदललेले जेवण आणि थंडीमुळे बंद पडलेले फिरणे यांनी ती वाढली होती. रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेली की ती लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढून नेते. म्हणून रात्री तीनदा उठणे आणि घसा सुकणे. नुसते पाणी पिऊन हे थांबत नाही.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. एचबीए१सी ९.१ आली, आणि बी-१२ निघाले १४८. बहुतेक लॅब २००च्या आत कमतरता मानतात. शाकाहारात बी-१२ मुख्यतः दुधातून येते, आणि काका पंधरा वर्षे घेत असलेली मेटफॉर्मिन त्याचे शोषण कमी करते. म्हणूनच ही गोळी चालू असलेल्यांनी दोन-तीन वर्षांतून एकदा बी-१२ तपासावे असे अमेरिकेत तिच्या माहितीपत्रकातच लिहिलेले असते. जीभ लाल, गुळगुळीत होणे आणि पायाला मुंग्या येणे ही त्याची खूण. काकांना मुंग्या येत होत्या, पण "मधुमेहाच्याच असतील" म्हणून त्यांनी सांगितल्या नव्हत्या.

उपाय साधे होते. कोपऱ्यांना क्लोट्रिमाझोलचे मलम दिवसातून दोनदा, कवळी रात्री काढून स्वच्छ करून पाण्यात, 'पीएम' गोळी बंद, बी-१२ सुरू, साखरेच्या औषधात बदल. मेटफॉर्मिन मात्र स्वतःच्या मनाने थांबवायची नाही. दोन आठवड्यांत कोपरे भरले. मलम एकटेच लावले असते तरी भरले असते, पण महिन्याभरात पुन्हा चिरले असते. मुंग्या कमी व्हायला काही महिने गेले.

घरच्या घरी एक अंदाज घेता येतो. खाकरा पाण्याचा घोट न घेता गिळता येतो का ते पाहा. येत नसेल तर लाळ कमी आहे, आणि मग घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची, दुकानातून आणलेल्यांसकट, यादी करून डॉक्टरांना दाखवा. अ‍ॅलर्जी, नैराश्य, वारंवार लघवी यांवरची औषधेही तोंड कोरडे करतात. आणि चीर एकाच बाजूला असेल, कडा कडक लागत असतील, दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल, तर मलम बदलत बसू नका. विशेषतः तंबाखूची सवय असेल तर ती जागा लगेच दाखवा. तो आजार वेगळा असू शकतो.