इसब, बोअरचं पाणी आणि साबणाची वडी

लातूर-बीडकडे उन्हाळ्यात नळाचं पाणी कमी झालं की अंघोळीला बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं. कोपराच्या आणि गुडघ्यामागच्या घडीत इसब असलेल्या मुलाची खाज तेव्हा वाढली, तर घरचे पाण्याला दोष देतात. तो खरा आहे, पण अर्धाच. जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून न विरघळणारा पांढरा साका तयार करतात. बादलीच्या कडेला बसतो तोच थर अंगावरही राहतो. शिवाय फेस येत नाही म्हणून आपण आणखी साबण चोळतो.

साबणाची नेहमीची वडी अल्कधर्मी असते. तिचा सामू ९ ते १०, तर निरोगी त्वचेचा साधारण ५. इसबाच्या त्वचेचं स्निग्ध आवरण आधीच विरळ असतं, साबणाने ते आणखी सुटतं आणि आतला ओलावा उडून जातो. वेष्टनावर टीएफएम ७६ लिहिलेलं पाहून अनेकजण ती वडी सौम्य समजतात. पण त्या आकड्यावरून साबणातल्या मेदाचं प्रमाण कळतं, सामू नाही.

मग पाणी मऊ करणारं यंत्र बसवावं का? इंग्लंडमध्ये ३३६ मुलांवर हा प्रयोग झाला आणि २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला १२ आठवडे यंत्राचं पाणी वापरूनही इसबात जास्तीची सुधारणा दिसली नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: खर्च करायचाच तर आधी वडी बदलण्यावर करा. औषधाच्या दुकानात बिनवासाचा सिंडेट बार मागा. तो नेहमीच्या साबणाचा नसतो, त्यामुळे जड पाण्यात त्याचा तसा साका होत नाही. सामू ५.५च्या आसपास लिहिलेला असेल तर उत्तम.

समजा, मुलगी सात वर्षांची आहे. बंबातलं कढत पाणी तिच्या खाजेला क्षणभर बरं वाटतं, पण नंतर खाज जास्त उसळते. पाणी मनगटाला कोमट लागेल इतपतच ठेवा आणि अंघोळ पाच-दहा मिनिटांत आटपा. सिंडेट फक्त काखा, जांघा आणि पावलांना लावा, बाकी अंगाला नुसतं पाणी पुरतं. वज्री, डाळीचं पीठ, पाण्यात जंतुनाशक, यांतलं काहीच नको. पंचाने टिपून अंग दमट असतानाच पेट्रोलियम जेली किंवा बिनवासाचं जाडसर क्रीम सढळ हाताने लावा. अंगभर लावायचं तर आठवड्याला पाव किलोही लागू शकतं. लहान ट्यूब महिनाभर पुरत असेल, तर क्रीम कमी पडतंय.

अंघोळ दिवसातून एकदा पुरे. घाम आला तर संध्याकाळी नुसत्या पाण्याने अंग धुवा, मात्र नंतर पुन्हा क्रीम हवंच. ते न लावता केलेली अंघोळ त्वचा जास्त कोरडी करते.

लाल, सुजलेले चट्टे एवढ्याने बसत नाहीत. त्यांना डॉक्टरांनी दिलेलं मलम लागतं. पिवळसर खपली धरली किंवा पाणी पाझरू लागलं तर जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. दुखणारे बारीक फोड एकदम उठून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.