मनभर खेळा, मोजून परत करा

टॉय लायब्ररीच्या दारावर काय लिहिलेलं आहे, हे वाचायचा मला जुना नाद आहे. बहुतेक घोषवाक्यं दोनच गोष्टी सांगतात: पैसे वाचवा आणि कचरा टाळा. दोन्ही खरंच आहे. महिन्याभरात माळ्यावर गेलेली खेळणी प्रत्येक घरात सापडतात. पण या वाक्यांत मला एक उणीव दिसते. ती खेळणं घरी नेण्याबद्दल बोलतात, परत आणण्याबद्दल नाही. आणि टॉय लायब्ररी टिकते किंवा बुडते ती परतीच्या टेबलावर.

सगळ्यात जुन्या टॉय लायब्ररीच्या चालकांना हे पहिल्यापासून कळलं होतं. साल १९३५, अमेरिकेत महामंदी. लॉस एंजेलिसमधल्या स्वस्त वस्तूंच्या एका दुकानाच्या व्यवस्थापकाच्या लक्षात आलं की मुलं माल चोरताहेत. प्रकरण शाळेच्या मुख्याध्यापकांकडे गेलं. विकतची खेळणी या मुलांच्या घरांना परवडतच नाहीत, हे तिथे उघड झालं. शिक्षा देऊन विषय मिटवता आला असता. त्याऐवजी एका गॅरेजमध्ये खेळणी मांडली गेली आणि मुलांना ती घरी न्यायला मिळू लागली. तो उपक्रम ‘टॉय लोन’ या नावाने तिथल्या काउंटी प्रशासनाने पुढे चालवला.

त्यातला मला सर्वांत आवडलेला भाग म्हणजे परतीचा नियम. मुलाने वेळेवर आणि चांगल्या स्थितीत वीस वेळा खेळणी परत केली, की एक खेळणं त्याला कायमचं मिळतं. ज्या मुलांवर चोरीचा शिक्का बसणार होता, त्यांच्याच विश्वासावर ही व्यवस्था उभी केली गेली. नेणारा आणि परत करणारा मुलगाच. आईवडिलांच्या दंडाची भीती मध्ये नाही. माझ्या मते घोषवाक्याचा गाभा इथे आहे.

पुढे स्वीडनमध्ये १९६३ साली ‘लेकोटेक’ सुरू झालं ते वेगळ्याच गरजेतून. अपंग मुलांच्या पालकांना आपल्या मुलाला जमतील अशी खेळणी आणि त्यांबद्दलचं मार्गदर्शन हवं होतं. अशा आईला ‘पैसे वाचवा’ हे वाक्य अपुरंच वाटणार. मुंबईत देवेंद्र देसाई यांनी १९८२ मध्ये चिल्ड्रन टॉय फाउंडेशन उभारलं, तेव्हा ही कल्पना आपल्याकडेही रुजू लागली.

आता परतीचं टेबल पाहू. समजा, लाकडी आगगाडीचा चाळीस तुकड्यांचा संच एका घरी गेला. पिशवीवर सगळ्या तुकड्यांचा फोटो आणि ‘एकूण ४०’ असा आकडा हवा. आई घरी मोजते, परतीला कार्यकर्ती मोजते. एकोणचाळीसच भरले, तर एक रूळ कमी असल्याची नोंद त्याच पिशवीवर लगेच करायची. ती राहिली, तर पुढच्या घरावर नाहक आळ येतो आणि ते कुटुंब पुन्हा फिरकत नाही. रूळ एक कमी असला तरी गाडी धावते. चित्रकोड्याचा एक तुकडा हरवला, तर मात्र मूल शेवटी रडवेलं होतं. म्हणून कोडं तुकडा सापडेपर्यंत बाजूला ठेवायचं आणि रुळांचा संच चालू ठेवायचा. हरवलेल्या तुकड्यासाठी थोडी रक्कम घेऊन तो सोफ्याखाली सापडल्यावर ती परत देणारी पद्धत मला सर्वांत न्याय्य वाटते. त्यामुळे लोक खरोखर शोधतात.

मोजता मोजता तपासणीही होते. प्लॅस्टिकला तडा आहे का, लाकडाची कुसळं निघाली आहेत का, बटणासारख्या सेलचं झाकण स्क्रूने घट्ट बसलं आहे का. असा सेल मुलाने गिळला तर अन्ननलिका भाजू शकते, त्यामुळे झाकण सैल असलेलं खेळणं पुढे जाताच कामा नये. लाकूड पाण्यात भिजवायचं नाही, ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवायचं. कापडी बाहुल्या दर वेळी धुऊन वाळवणं जमणार नसेल, तर त्या ठेवूच नयेत. खेळणं मूळ खोक्यातून पिशवीत आलं की खोक्यावरची वयाची सूचनाही जाते. ‘तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही’ हे पिशवीवर पुन्हा लिहावं लागतं.

एवढं पाहिल्यावर माझं घोषवाक्य ठरलं: ‘मनभर खेळा, मोजून परत करा.’ पहिला अर्धा भाग मुलाला सांगतो की हे खेळणं सांभाळून काचेच्या कपाटात ठेवायला दिलेलं नाही. दुसरा आईला सांगतो की तिच्याकडून नेमकं काय अपेक्षित आहे. बचत आणि कचरा यांवर माहितीपत्रकात हवं तेवढं लिहावं. हे वाक्य दारावर नको, पिशवीवर हवं, तुकड्यांच्या आकड्याच्या अगदी वर, मुलालाही वाचता येईल अशा ठळक अक्षरांत. आणि परतीच्या टेबलाशी मोजायला एक माणूस रिकामा नसेल त्या दिवशी लायब्ररीने नवी खेळणी देऊ नयेत, फक्त परत घ्यावीत.