शिफ्ट चार्टमध्ये दोन पाळ्यांमधली विश्रांती एक्सेलने कशी तपासायची?

आमच्या सपोर्ट टीमचा आठवड्याचा शिफ्ट चार्ट मी बनवतो. फर्स्ट सकाळी ७ ते ३, सेकंड ३ ते रात्री ११ आणि नाईट ११ ते ७. दोन पाळ्यांमध्ये किमान ११ तास सुट्टे हवेत, हा आमचा नियम. युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशातही चोवीस तासांत सलग ११ तासांची विश्रांती सांगितली आहे.

सेकंडनंतर दुसऱ्या दिवशी फर्स्ट देऊ नये, हे सगळ्यांना माहीत असतं. मधे ८च तास मिळतात. त्यातले दोन जाण्या-येण्यात गेले, तासभर जेवण-आंघोळीत गेला, की झोपेला उरतात जेमतेम पाच. पण खरी फसवणूक नाईट करते. चार्टवर मंगळवारी नाईट आणि बुधवारी सेकंड असं लिहिलेलं अगदी निरुपद्रवी दिसतं. प्रत्यक्षात मंगळवारची नाईट बुधवारी सकाळी ७ ला संपते आणि सेकंड त्याच दिवशी ३ ला सुरू होते. म्हणजे पुन्हा ८च तास!

म्हणून पाळीचं नाव बघायचं नाही, तारीख आणि वेळ एकत्र करून वजाबाकी करायची. A मध्ये नाव, B मध्ये पाळी सुरू होते ती तारीख, C मध्ये सुरू होण्याची आणि D मध्ये संपण्याची वेळ भरा. मग दुसऱ्या ओळीत:

```
E2: =B2+C2
F2: =B2+D2+(D2<=C2)
```

संपण्याची वेळ सुरुवातीपेक्षा लहान असेल तर पाळी मध्यरात्र ओलांडते, म्हणून F मध्ये एक दिवस वाढतो. ही दोन्ही सूत्रं खाली ओढा, आधी नावाने आणि मग E ने सॉर्ट करा, आणि त्यानंतरच हे लिहून खाली ओढा:

```
G3: =IF(A3=A2,ROUND((E3-F2)*24,2),"")
```

G मध्ये ११ पेक्षा कमी आकडा दिसला की पाळी बदला. उणे आकडा आला तर एकाच माणसाला एकावर एक दोन पाळ्या लागल्यात. ROUND काढू नका. एक्सेल वेळ दशांशात ठेवतं, त्यामुळे बरोबर ११ तासांचं अंतर कधीकधी किंचित कमी भरतं आणि उगाच लाल होतं.

सोमवार हा सगळ्यात जास्त सुटणारा दिवस. नवीन शीट कोरी असते, त्यामुळे रविवारच्या नाईटनंतर सोमवारी सेकंड लागली तरी सूत्राला काहीच दिसत नाही. मागच्या आठवड्यातली प्रत्येकाची शेवटची पाळी आधी चिकटवा, मगच सॉर्ट करा.

आणि चार्ट लागल्यानंतरची अदलाबदल? दोघांनी पाळी बदलली की चार अंतरं बदलू शकतात, प्रत्येकाच्या नव्या पाळीच्या आधीचं आणि नंतरचं. बदल करणारे सहसा फक्त आधीचं बघतात. शिवाय हे सूत्र ठरलेली वेळ मोजतं. कुणी सेकंडला दोन तास जास्त थांबला, तर D मध्ये रात्री १ टाकून पुढचा आकडा पुन्हा बघावा लागतो.