गोदाम जळाल्यावर बुडालेल्या नफ्याचा दावा

गोदामाला आग लागली की जळालेल्या मालाची भरपाई अग्निविम्यातून मिळते. पण गोदाम बंद असलेल्या महिन्यांत न झालेली विक्री, आणि विक्री नसतानाही द्यावे लागलेले पगार व व्याज, यांची भरपाई त्या विम्यात नसते. त्यासाठी ‘लॉस ऑफ प्रॉफिट’ नावाची वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. तिचा दावाही वेगळ्या पत्राने करावा लागतो. जळालेल्या मालावरचा नफा दोन्हीकडे मागता येत नाही. अग्निविम्यात माल खरेदीच्या किमतीने धरला जातो आणि नफा विक्रीतल्या घटीतून मोजला जातो.

पत्राच्या सुरुवातीला पॉलिसी क्रमांक, आगीची तारीख, जागा आणि मालमत्तेच्या दाव्याचा उल्लेख येतो. हा शेवटचा उल्लेख केवळ उपचार नव्हे. मालमत्तेच्या विम्याची जबाबदारी मान्य झाल्याशिवाय नफ्याचा दावा सहसा उभाच राहत नाही. त्यानंतर खरा मुद्दा सुरू होतो, तो म्हणजे ‘ग्रॉस प्रॉफिट’चा. दुकानदार विक्रीतून खरेदी वजा करून जो आकडा काढतो, तो इथे चालत नाही. प्रचलित पद्धतीत निव्वळ नफा आणि पॉलिसीत नोंदवलेले स्थिर खर्च यांची बेरीज म्हणजे ग्रॉस प्रॉफिट. गोदामाचे भाडे, कायम नोकरांचे पगार, बँकेचे व्याज हे स्थिर खर्च. विक्री घटली तरी ते थांबत नाहीत. हे दोन आकडे एकमेकांत मिसळले की दावा पहिल्याच पानावर कच्चा पडतो.

भिवंडीतला स्टीलच्या भांड्यांचा एक घाऊक व्यापारी कल्पू या. मागच्या आर्थिक वर्षात त्याची विक्री जीएसटी वगळून १२ कोटी, निव्वळ नफा ८४ लाख आणि नोंदवलेले स्थिर खर्च ९६ लाख. दोन्ही मिळून १ कोटी ८० लाख, म्हणजे विक्रीच्या १५ टक्के. १० ऑगस्टला गोदाम जळाले आणि धंदा चार महिन्यांनी पूर्ववत झाला. आदल्या वर्षी याच चार महिन्यांत ४ कोटी ६० लाखांची विक्री होती. वर्षाच्या सरासरीपेक्षा हा आकडा बराच वर आहे, कारण दिवाळी याच काळात येते. म्हणून तुलना सरासरीशी न करता त्याच महिन्यांशी करतात. शिवाय चालू वर्षी एप्रिल ते जुलैची विक्री आदल्या वर्षापेक्षा १० टक्के वाढलेली होती. ती वाढ धरली की अपेक्षित विक्री ५ कोटी ६ लाख होते. प्रत्यक्षात झाली २ कोटी ६ लाख. घट ३ कोटींची आणि तिच्यावर १५ टक्क्यांनी बुडालेला नफा ४५ लाख.

विक्री पूर्ण थांबू नये म्हणून व्यापाऱ्याने तात्पुरते गोदाम घेतले आणि जादा भाडे, वाहतूक यांवर १२ लाख खर्च केले. त्यातून १ कोटीची विक्री वाचली. तिच्यावर १५ लाखांचा नफा टिकला, म्हणून १२ लाख मागता येतात. खर्च १५ लाखांवर गेला असता, तर वरची रक्कम सर्वसाधारण अटीत नाकारली गेली असती. उलट जळालेल्या गोदामाचे भाडे थांबून वाचलेले २ लाख वजा होतात. ते आपण होऊन दाखवलेले बरे. सर्व्हेअर ते शोधतोच. मागणी होते ५५ लाख.

आता येतो सर्वांत महाग पडणारा आकडा. विमा जुन्या ताळेबंदावरून १ कोटी ८० लाखांचा घेतलेला होता. पण वाढीचा कल लावला की वर्षाची विक्री १३ कोटी २० लाख आणि तिच्यावरचा ग्रॉस प्रॉफिट १ कोटी ९८ लाख ठरतो. विमा कमी पडला, म्हणून भरपाईही त्याच प्रमाणात घटते. ५५ लाखांचे ५० लाख उरतात. जी वाढ दाखवून दावा मोठा झाला, तीच वाढ इथे विम्याची तोकडी रक्कम उघडी पाडते. पॉलिसीत काही दिवसांची कपात असेल, तर ती याशिवाय.

पत्रासोबत निदान तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, महिनावार विक्रीचा तक्ता, जीएसटी विवरणपत्रे, बँकेला दिलेली स्टॉक स्टेटमेंट्स, पगारपत्रक, तात्पुरत्या गोदामाचा करार व बिले, अग्निशमन दलाचा अहवाल आणि पंचनामा जोडतात. हे कागद एकमेकांशी जुळतात का, हे सर्व्हेअर आधी पाहतो. जीएसटी विवरणपत्रातली विक्री आणि वहीतली विक्री यांत फरक असेल, तर परत आलेल्या मालाच्या नोंदी वगैरे कारणांसह त्याचा जुळणी-तक्ता पत्रासोबतच द्यावा. वह्या जळाल्या असतील, तर जीएसटी पोर्टल, बँकेचे उतारे आणि पुरवठादारांची खाती यांवरून विक्री पुन्हा उभी करता येते.

आगीची सूचना ताबडतोब द्यायची असते. अंतिम हिशेब मात्र नुकसानीचा काळ संपल्यावरच पुरा होतो आणि अनेक पॉलिसींत तो त्यानंतर ३० दिवसांत मागतात. तोवर हातात पैसा हवा असेल, तर पत्रातच अंतरिम रकमेची मागणी करून आतापर्यंतच्या महिन्यांचा हिशेब जोडता येतो.