श्रावणातला उजेड आणि राखीचा पीळ

आषाढ संपत आला की व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांवर राख्यांचे फोटो पडू लागतात. राखी टपालाने किंवा कुरिअरने परगावच्या भावापर्यंत पोचायची, म्हणजे ऑर्डर पौर्णिमेच्या दोन-तीन आठवडे आधी यायला हवी, आणि फोटो त्याच्याही आधी तयार हवेत. घरच्या घरी राखीचे संच करून विकणाऱ्या बायका आता गावोगावी आहेत. राखी सुबक असते, नारळाच्या वड्या खुसखुशीत असतात, डबा देखणा असतो. फोटो मात्र रात्री स्वयंपाक आवरल्यावर ट्यूबलाइटखाली काढलेला असतो आणि त्यात राखीचा दोरा एखाद्या लाल सुतळीसारखा दिसतो. गिऱ्हाईक दुकानात दोरा बोटांत धरून पाहतं. इथे ती सोय नाही. पीळ, चकाकी, गोंड्याची दाटी, सगळं फोटोतच कळायला हवं, आणि ते काम खिडकीतून येणारा उजेड फुकटात करतो.

एक साधा संच घेऊ. आठ इंची पुठ्ठ्याचा डबा, त्यात लाल रेशमी दोऱ्याची मोती ओवलेली राखी, कुंकू आणि अक्षतांच्या दोन पुड्या, सहा नारळाच्या वड्या. डबा ठेवायला गडद लाकडी टेबल.

उन्हाळ्यात हा फोटो काढणं कठीण असतं. थेट ऊन पडलं की सावल्या सुरीने कापल्यासारख्या काळ्या पडतात, वडीचा वरचा भाग पांढराफट्ट होतो. श्रावणात आभाळच भलामोठा पडदा होतं. ढगांतून गाळून आलेला उजेड सगळीकडून येतो, त्यामुळे सावलीची कड विरघळते. मधूनच ऊन पडलं, तर खिडकीला पांढरी पातळ ओढणी किंवा मलमलचं कापड लावावं. रंगीत पडदा मात्र नको, कारण त्याचा रंग थेट वडीवर उतरतो. पावसाळ्यात आपल्याकडे अनेक इमारतींवर निळी ताडपत्री बांधलेली असते. तिच्यातून आलेल्या उजेडात खवाही निळसर दिसतो आणि मोबाइलला काही केल्या ते निस्तरता येत नाही. अशा वेळी दुसरी खिडकी गाठावी. आणि घरातला दिवा आठवणीने बंद करावा. बाहेरचा उजेड निळसर, बल्बचा पिवळसर. दोन्ही एकाच वडीवर पडले की एक बाजू आजारी दिसते. ट्यूबलाइट पांढरी असली तरी वरून पडणारा तिचा उजेड खिडकीच्या सावल्या पुसून टाकतो.

टेबल खिडकीला चिकटवायचा मोह होतो, पण तो आवरावा. डबा खिडकीपासून फूटभर अंतरावर असेल, तर आठ इंचांमुळे त्याची पलीकडची कड जवळजवळ पावणेदोन फुटांवर जाते, म्हणजे अंतर दीडपटीहून जास्त. अलीकडची वडी भाजते, पलीकडची अंधारात जाते. तोच डबा तीन फुटांवर नेला की दोन कडांमधला फरक बराच कमी होतो.

आता दोरा. रेशमी दोऱ्याचा पीळ म्हणजे बारीक उंचवटे आणि खाचा. उजेड समोरून, तुमच्या पाठीमागून आला, तर उंचवटा आणि खाच दोन्ही सारख्याच उजळतात आणि दोरा सपाट होतो. मोबाइलचा फ्लॅश नेमकं हेच करतो. उजेड बाजूने आला तरच प्रत्येक उंचवट्याची एक बाजू चमकते, दुसरी सावलीत जाते आणि पीळ मोजता येईल इतका स्पष्ट होतो. म्हणून खिडकी तुमच्या डाव्या किंवा उजव्या हाताला हवी. दोरा तिच्याकडे टोक करून ठेवू नका. खिडकीला जवळजवळ समांतर, किंचित तिरका ठेवा आणि हळूहळू फिरवत राहा. एका जागी रेशमाची चकाकी दोऱ्यावरून सरकताना दिसेल. तिथे थांबा. गोंडा मात्र बोटांनी आधी मोकळा करून घ्यावा, पाकिटातून काढलेला गोंडा नेहमी एका बाजूने चपटा असतो.

सावलीची बाजू फारच काळी वाटली, तर खिडकीच्या समोरच्या अंगाला, डब्यापासून वीतभर अंतरावर एक पांढरा कार्डशीट उभा करावा. तो परतलेला उजेड सावलीत सोडतो. अगदी जवळ आणला तर सावल्याच नाहीशा होतील आणि दोरा पुन्हा सपाट.

लाल रंगाचं एक वेगळंच दुखणं आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्याला भडक लाल पेलवत नाही. फोटो थोडासा जास्त उजळ झाला की लाल भागातले बारकावे बुजतात आणि कुंकू व दोरा दोन्ही एकसंध डाग होतात. त्यात टेबल गडद असल्यामुळे फोन समजतो की चित्र फारच काळोखं आहे, आणि आपण होऊन उजेड वाढवतो. उपाय सोपा आहे. पडद्यावर पांढऱ्या वडीला बोट लावा आणि शेजारी सूर्याचं चिन्ह दिसलं की ते खाली ओढा. वडीवर किसलेल्या खोबऱ्याचे कण वेगळे दिसू लागले, लाल दोऱ्यात पीळ दिसला, की झालं. टेबल थोडं जास्त गडद येईल. येऊ दे, टेबल कुणी विकत घेत नाही.

दोऱ्याचा जवळून फोटो घेताना फोन नाकाला लावल्यासारखा जवळ नेऊ नये. एक तर फोनचीच सावली राखीवर पडते, शिवाय बरेच फोन अशा वेळी गुपचूप रुंद कोनाच्या भिंगावर जातात आणि राखी मध्ये फुगलेली दिसते. फूटभर मागे राहून दुपटीचा झूम वापरावा. जवळच्या फोटोत स्पष्ट दिसणारा पट्टा अगदी अरुंद असतो, म्हणून फोन राखीला समांतर धरावा. ढगाळ दुपारी उजेड कमी पडून फोटो हलतो, तेव्हा फोन डब्यांच्या चळतीला टेकवून दोन सेकंदांचा टायमर लावावा.

मिठाई सगळ्यात शेवटी टेबलावर यावी. फ्रिजमधून काढलेल्या वडीला दमट हवेत लगेच घाम फुटतो आणि ती शिळी वाटते. म्हणून त्या दिवशीची, बाहेर निवलेली वडी घ्यावी. राखीचे फोटो आधी उरकावेत, कारण तिला कितीही वेळ बसवून ठेवता येतं.

एवढं करून फोटो सुंदर आला की नवी अडचण उभी राहते. जवळून घेतलेली दीड इंचाची राखी पडद्यावर तळहाताएवढी दिसते, आणि डबा उघडल्यावर गिऱ्हाईक हिरमुसतं. तेव्हा मनगटावर बांधलेल्या राखीचा एक फोटो सोबत पाठवाच. रंग खुलवणारे फिल्टर लावू नका, मोतिया दोरा पिवळा दिसला की परत करायला कारण मिळतं. आणि डब्यात सहा वड्या जाणार असतील, तर फोटोतही सहाच ठेवा.