दारात दिलेली रोख खात्यात कशी परत येते?

समजा, नाशिकच्या एका बाईंनी मोबाईलवरून १,३९९ रुपयांचा कुकर मागवला. पैसे वस्तू हातात आल्यावर, म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरी. खोकं उघडलं तर कुकरचं हँडल तडकलेलं. रिटर्नची विनंती टाकली, दोन दिवसांनी माणूस येऊन कुकर घेऊन गेला आणि मोबाईलवर निरोप आला, 'रिफंडसाठी बँक खात्याचा तपशील भरा.' बाईंना पहिली शंका आली ती फसवणुकीची. पैसे देताना कुणी खातं विचारलं नव्हतं, मग परत देताना कशाला हवं? ज्याच्या हातात दिले त्यानेच परत आणून द्यावेत की!

शंका चुकीची नाही. पण जो डिलिव्हरी बॉय पैसे घेऊन गेला, त्याच्याकडे ते संध्याकाळपर्यंतसुद्धा राहत नाहीत. दिवसभराची रोख तो हबवर मोजून जमा करतो, हबवरून ती बँकेत जाते आणि दुसरीकडे प्रत्येक पार्सलपुढे 'रक्कम मिळाली' अशी नोंद होते. कुकर परत न्यायला येणारा माणूस बहुधा वेगळा असतो, कित्येकदा कुरिअर कंपनीही वेगळी असते. त्याच्या थैलीत द्यायला पैसे नसतात आणि कुणाला किती द्यायचे हे ठरवायचा अधिकारही नसतो. तो वस्तू तपासतो, फोटो काढतो, बारकोड स्कॅन करतो आणि निघतो.

कार्डाने किंवा यूपीआयने आधीच पैसे भरले असते, तर हा प्रश्न आला नसता. त्या व्यवहाराला मागे जायची वाट असते. पैसे कुठल्या बँकेतून, कुठल्या खात्यातून किंवा कार्डावरून आले याची नोंद पेमेंट कंपनीकडे असते आणि रिफंड त्याच वाटेने परत जातो. रोखीला अशी वाट नाही. कंपनीला एवढंच माहीत असतं की अमुक पत्त्यावर अमुक रक्कम मिळाली. ती बाईंनी दिली, सासऱ्यांनी दिली की बाई घरात नव्हत्या म्हणून शेजारणीने दिली, हे कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून रोखीच्या ऑर्डरचा रिफंड हा खरं तर कंपनीने ग्राहकाला नव्याने पाठवलेला पैसा असतो. तो पाठवायचा तर तीन गोष्टी लागतात: खातेदाराचं नाव, खाते क्रमांक आणि शाखेचा आयएफएससी कोड. काही कंपन्या त्याऐवजी यूपीआय आयडीवरही भागवतात.

या तीन गोष्टी दिल्याने कुणी खात्यातून पैसे काढू शकत नाही. चेकबुकाच्या प्रत्येक पानावर त्या छापलेल्याच असतात. फसवणारा यापुढचं काहीतरी मागतो आणि तिथेच तो ओळखू येतो. ओटीपी, कार्डाच्या मागचा तीन आकडी नंबर, यूपीआय पिन, क्यूआर कोड स्कॅन करण्याचा आग्रह, मोबाईलचा पडदा दुसऱ्याला दिसेल असं ॲप टाकायला लावणं, यातल्या एकाचीही पैसे घेताना गरज पडत नाही. यूपीआय पिन टाकला की पैसे जातात, येत कधीच नाहीत. इंटरनेटवर शोधून मिळवलेला 'कस्टमर केअर'चा नंबर हे या फसवणुकीचं नेहमीचं दार आहे. म्हणून खात्याचा तपशील भरायचा तो कंपनीच्या ॲपमध्ये, त्या ऑर्डरच्या पानावरच. फोनवर सांगायचा नाही. पैसे गेलेच, तर १९३० या सायबर हेल्पलाइनला वेळ न दवडता कळवावं.

तर बाईंनी तपशील भरला. पुढे घोडं कुठे अडतं?

लोक बँकेला दोष देतात, पण प्रत्यक्ष पैसे पाठवण्याचं काम सगळ्यात जलद होतं. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून रात्रंदिवस, सुट्टीच्या दिवशीही चालतं. दर अर्ध्या तासाला एक, अशा दिवसाला ४८ तुकड्या सुटतात. एखादी तुकडी मार्गी लागली की दोन तासांच्या आत समोरच्या बँकेने पैसे खात्यात जमा करायचे किंवा परत पाठवायचे, असा नियम आहे. आयएमपीएसने तर रक्कम मिनिटभरात पोहोचते. तेव्हा 'पाच ते सात दिवस लागतील' असं जेव्हा सांगतात, तेव्हा त्यातले बहुतेक दिवस बँकेबाहेर गेलेले असतात.

पहिला वेळ जातो वस्तूच्या परतीच्या प्रवासात. काही विक्रेते कुकर उचलल्याचं स्कॅन दिसताच रिफंड सोडतात, काही तो गोदामात पोहोचून तपासला जाईपर्यंत थांबतात. पिकअपच्या वेळी स्कॅन राहून गेलं, तर कंपनीच्या लेखी कुकर अजून बाईंच्या ओट्यावरच असतो. म्हणून पिकअपची पावती किंवा मेसेज जपून ठेवलेला बरा.

दुसरी गाठ छोट्या विक्रेत्याकडे पडते. इन्स्टाग्रामवर साड्या विकणाऱ्या माणसाला रोख हातात मिळत नाही. ती कुरिअर कंपनी गोळा करते आणि ठरलेल्या चक्राप्रमाणे, बऱ्याचदा डिलिव्हरीनंतर आठवडाभराने, त्याच्या खात्यात वळती करते. ग्राहकाने तिसऱ्या दिवशी साडी परत केली, तर ज्या पैशांचा रिफंड द्यायचा ते विक्रेत्याला अजून मिळालेलेच नसतात. भांडवल असलेला माणूस खिशातून देतो. नसलेला 'प्रोसेसमध्ये आहे' असं लिहून दिवस काढतो. ग्राहकाने ही अडचण ऐकून घ्यावी असं नाही, पण मोठ्या कंपनीपेक्षा इथे जास्त वेळ का लागतो याचं उत्तर बरेचदा हेच असतं.

मात्र रिफंडची खरी गुंतागुंत होते ती बँकेने परत पाठवलेल्या रकमेत. नाशिकच्या बाईंचं खातं पूर्वीच्या देना बँकेतलं. पासबुक जुनंच. त्यांनी त्यावरून BKDN ने सुरू होणारा कोड आणि जुना खाते क्रमांक उतरवून दिला. देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाली. १ मार्च २०२१ पासून तिचे जुने आयएफएससी कोड बंद झाले, नवे BARB ने सुरू होतात आणि खाते क्रमांकही बदलले. ॲपने कोड फक्त साच्यात बसतो का ते पाहिलं: अकरा अक्षरं, पहिली चार बँकेची, पाचवं शून्य, शेवटची सहा शाखेची. BKDN चा जुना कोडही त्या साच्यात बसतो, म्हणून ॲपने तो निमूट घेतला. (पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी ओ टाकणारे वेगळेच. ते निदान तिथल्या तिथे अडतात.)

मग कंपनीच्या हिशेब विभागाने दिवसभराच्या शेकडो रिफंडांची एक फाईल बनवून बँकेला दिली आणि बाईंच्या मोबाईलवर संदेश आला की रिफंड पाठवला आहे. बँकेत त्या फाईलमधली त्यांची ओळ नापास झाली. १,३९९ रुपये कंपनीच्याच खात्यात राहिले. आता कुणीतरी ही नापास नोंद पाहून ती कुठल्या ऑर्डरची आहे हे जुळवायचं, ग्राहकाला नवा तपशील मागायचा आणि पुढच्या फाईलमध्ये नाव घालायचं. जिथे हे काम माणसं एक्सेलमध्ये करतात, तिथे दिवस जातात, कधी आठवडेही. तोवर ग्राहकाच्या मोबाईलवर 'रिफंड पूर्ण' असंच दिसत राहतं आणि कस्टमर केअरवरचा माणूसही त्याच पडद्याकडे बघून तेच सांगतो.

कोड बरोबर पण खाते क्रमांक चुकलेला असेल, तर प्रकरण आणखी अवघड. रिझर्व्ह बँकेच्या २०१० च्या सूचनेनुसार बँका केवळ खाते क्रमांकावरून रक्कम जमा करू शकतात, नाव जुळलंच पाहिजे असं नाही. एक आकडा चुकला आणि त्या क्रमांकाचं खातं खरोखर असलं, तर पैसे तिऱ्हाइताकडे जातात. ते परत मिळणं त्याच्या संमतीवर येऊन ठेपतं. म्हणूनच काही कंपन्या आधी एक रुपया पाठवून खातेदाराचं नाव बँकेकडून मागवतात. पासबुकात अचानक एक रुपया जमा झालेला दिसला, तर त्याचं हे कारण असू शकतं. या तपासणीत ऑर्डर मुलाच्या नावावर आणि खातं आईचं असं निघालं की काही ठिकाणी रिफंड अडतो.

महाराष्ट्रात आणखी एक अडचण आहे. गावोगावी लोकांचं रोजचं खातं पतसंस्थेत असतं. पतसंस्था बँक नाही, तिला स्वतःचा आयएफएससी नसतो, म्हणून तिथलं पासबुक रिफंडसाठी बहुधा कामाचं नाही. नागरी सहकारी बँकांचं तसं नाही. पण त्यातल्या कित्येक छोट्या बँका एखाद्या मोठ्या बँकेमार्फत एनईएफटीला जोडलेल्या असतात आणि त्यांच्या कोडची सुरुवात त्या मोठ्या बँकेच्या अक्षरांनी होते. 'आपली बँक ही नव्हे' म्हणून तो कोड बदलू नये. शाखेने जो दिला तोच भरावा. पैसे मोठ्या बँकेकडून छोट्या बँकेत आणि तिथून खात्यात येतात, त्यामुळे थोडा उशीर संभवतो.

रिफंड वॉलेटमध्ये किंवा स्टोअर क्रेडिट म्हणून घेतला तर तो क्षणात दिसतो, कारण तिथे पैसा बँकेतून फिरतच नाही, कंपनीच्या वहीतली नोंद फक्त बदलते. पण तो सहसा त्याच दुकानात खर्चावा लागतो. पुन्हा तिथूनच खरेदी करायची असेल त्यालाच हे सोयीचं.

'रिफंड झाला' असं दिसूनही पैसे आले नाहीत, तर 'कधी येतील?' विचारून हाती काही लागत नाही. मागायचा तो व्यवहाराचा क्रमांक: एनईएफटी असेल तर सोळा अक्षरांचा यूटीआर, आयएमपीएस असेल तर बारा आकडी संदर्भ क्रमांक. तो घेऊन आपल्या शाखेत गेलं की रक्कम आली का, परत गेली का, हे तिथे शोधता येतं. कंपनीला असा क्रमांक देताच येत नसेल, तर पैसे बहुधा अजून निघालेलेच नाहीत. नाशिकच्या बाईंनी नेमकं हेच केलं असतं, तर शाखेतल्या कारकुनाने जुनं पासबुक पाहूनच नवा क्रमांक आणि नवा कोड लिहून दिला असता.

तरीही कुणी दाद देत नसेल, तर २०२० चे ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियम कामाला येतात. प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क आपल्या साइटवर द्यायचा असतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची. मान्य झालेला रिफंड वाजवी मुदतीत देण्याचं बंधनही त्याच नियमांत आहे. त्यापुढची पायरी म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. फोन करताना ऑर्डर क्रमांक, पिकअपची नोंद आणि कंपनीने दिलेला किंवा न दिलेला यूटीआर, एवढं समोर ठेवावं.