थंडीत यीस्टचं पीठ पुरेसं फुगलं, हे कसं ओळखायचं?

काल साकोलीहून वहिनींचा फोन आला. "पावाचं पीठ दीड तास ठेवलं, फुगलंच नाही. यीस्ट खराब आहे का?"

यीस्ट बहुधा चांगलं असतं, थंडी नडते. भंडाऱ्यात जानेवारीत स्वयंपाकघर १८ अंशांवर आलं की उन्हाळ्यात तासाभरात फुगणाऱ्या पिठाला तीन-चार तासही लागतात. म्हणून घड्याळ बाजूला ठेवा.

पीठ सरळ कडांच्या काचेच्या बरणीत ठेवा, वरचा भाग सपाट करा आणि त्या पातळीला रबर लावा. पसरट भांड्यात पीठ आडवं पसरतं, वाढ कळत नाही. पीठ रबराच्या दुप्पट उंचीवर आलं की तपासा.

बोट कोरड्या पिठात बुडवून पेराएवढं खुपसा आणि काढा.

खड्डा लगेच भरला, तर अजून थांबा.

खड्डा तसाच राहिला किंवा अगदी सावकाश थोडासा भरला, तर झालं.

आजूबाजूचं पीठ खचलं आणि आंबूस वास आला, तर वेळ टळून गेली.

मात्र थंड पीठ घट्ट असतं, त्यात खड्डा लवकरही टिकतो. त्यामुळे दुप्पट उंची आणि खड्डा, दोन्ही खुणा जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तुमचं पीठ कुठे अडतंय? कमेंटमध्ये विचारा.